लोड न लावता ट्रान्सफॉर्मरची एफिशियन्सी कशी काढायची

आमच्या वाड्यावर दोन खांबांच्या मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवलेला आहे. पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास बेडूक जरा गप्प झाले की त्याची गुणगुण घरात ऐकू येते. तेव्हा वाड्यावर पंखे आणि दोन-चार फ्रीज सोडले तर काहीच चालू नसतं, तरी गुणगुण संध्याकाळी सातला होती जवळपास तेवढीच. तो आवाज मुख्यतः कोरच्या पत्र्यांचा. पन्नास हर्ट्झच्या पुरवठ्यावर त्या सेकंदाला शंभर वेळा किंचित ताणतात आणि आखडतात. कोणी वीज वापरतंय की नाही याची कोरला खबर नसते, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. वाइंडिंगचं नेमकं उलटं. त्याला करंट कळतो, आणि करंट वाढेल तसं ते तापतं.

मशीन्सच्या पेपरात ट्रान्सफॉर्मरवर जे जे विचारतात त्यातलं निम्मं या दोन वाक्यांत आहे. कोर लॉस व्होल्टेजवर चालतो, कॉपर लॉस करंटवर. म्हणूनच दोन्ही वेगवेगळे मोजता येतात, तेही ट्रान्सफॉर्मरला पूर्ण लोड न लावता. मी लॅबमध्ये मुलांकडून ज्या ट्रान्सफॉर्मरवर हे करून घेतो तोच इथे घेऊ: सिंगल फेज, २ केव्हीए, २३०/११५ व्होल्ट, ५० हर्ट्झ.

सर्किट काढायच्या आधी

नेमप्लेटवरून दोन करंट काढून वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर, हा हाय व्होल्टेज बाजूचा. २००० भागिले ११५ म्हणजे १७.४ अँपिअर, हा लो व्होल्टेज बाजूचा. पुढे मीटरचे रेंज निवडताना आणि डिमरस्टॅट कुठे थांबवायचा हे ठरवताना हे दोन आकडे सतत लागतात.

इक्विव्हॅलंट सर्किटचं चित्र बघून मुलं बिचकतात, पण त्यात चारच गोष्टी आहेत. कोरसाठी दोन: R₀ आणि X₀, या पुरवठ्याला समांतर. कोरमध्ये हिस्टेरेसिस आणि एडी करंटमुळे जी उष्णता होते तिचा हिशोब R₀ ठेवतो, आणि फ्लक्स उभा करायला जो करंट लागतो तो X₀ मधून जातो. वाइंडिंगसाठीही दोनच: R आणि X, या लोडच्या वाटेत एकापाठी एक. R म्हणजे तांब्याचा रोध. X म्हणजे लीकेज, म्हणजे जो फ्लक्स एका वाइंडिंगभोवती फिरतो पण दुसऱ्याला भेटत नाही त्याचा परिणाम. समांतर फांदीला पूर्ण व्होल्टेज मिळतं म्हणून तिथे कोर लॉस, आणि ओळीतल्या फांदीतून पूर्ण करंट जातो म्हणून तिथे कॉपर लॉस. कुठला घटक कुठे काढायचा हे पाठ करायची गरज नाही, त्या लॉसला काय कळतं एवढं विचारलं की जागा आपोआप सापडते.

पहिली टेस्ट: ओपन सर्किट

एक बाजू उघडी ठेवायची, दुसरीला तिचं रेटेड व्होल्टेज द्यायचं आणि व्होल्टमीटर, अमीटर, वॉटमीटर वाचायचे. आपण ११५ व्होल्टच्या बाजूने पुरवठा देतो, कारण व्होल्टेज हाताळायला सोपं आणि नो-लोड करंट वाचता येण्याइतका मोठा. मात्र तेव्हा उघड्या बाजूवर २३० व्होल्ट जिवंत असतात. तिथे काही जोडलेलं नसल्याने मुलांना ती बाजू मेलेली वाटते आणि कोणी ना कोणी वही तिकडेच टेकवतो. टर्मिनलवर झाकण बसवल्याशिवाय मी पुरवठा सुरू करू देत नाही.

डिमरस्टॅट शून्यापासून हळूहळू ११५ पर्यंत न्या. आमची रीडिंग अशी आली: ११५ व्होल्ट, ०.८ अँपिअर, ३० वॅट.

या ३० वॅटवर जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नो-लोडला पॉवर फॅक्टर फार कमी असतो, आपल्याकडे ३० भागिले ९२ म्हणजे ०.३३ च्या आत. इतक्या कमी पॉवर फॅक्टरवर साधा वॉटमीटर वापरला तर काटा सुरुवातीच्या दोन-चार घरांतच घुटमळतो. म्हणून इथे लो पॉवर फॅक्टर वॉटमीटर घेतात. आमचा १५० व्होल्ट, २.५ अँपिअर, ०.२ पॉवर फॅक्टरचा आहे आणि त्यावर १५० घरं आहेत. एका घराची किंमत १५० गुणिले २.५ गुणिले ०.२ भागिले १५०, म्हणजे अर्धा वॅट. काटा ६० वर होता, म्हणून ३० वॅट.

कोणी ०.२ ने गुणायचं विसरतो आणि १५० वॅट लिहून मोकळा होतो. ही चूक पकडायला सोपी आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर आले ९२, आणि वॅट कधीही त्याच्या वर जाऊ शकत नाहीत. कोणी सरळ ६० लिहितो. ते ९२ च्या आत बसतं, पण मग पॉवर फॅक्टर ०.६५ येतो, आणि ज्याला काही लोडच नाही अशा ट्रान्सफॉर्मरला तो शोभत नाही. अशा वेळी पुन्हा काट्याकडे बघा.

दुसरी गोष्ट पुरवठ्याची. दुपारच्या प्रॅक्टिकलला आमच्याकडे व्होल्टेज वर-खाली होत राहतं. कोर लॉस साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ११५ ऐवजी १०५ वर वाचलं तर ३० चे २५ वॅट होतात. एक जण व्होल्टमीटर वाचून दुसऱ्याला सांगतो, तो अमीटर वाचतो, तिसरा वॉटमीटर, आणि तेवढ्यात व्होल्टेज सरकलेलं असतं. तिघांनी एकदम वाचा. व्होल्टमीटरवाल्याने ११५ ला ‘आता’ म्हणायचं.

आता घटक काढू. नो-लोड करंटचे दोन भाग होतात. वॅट घेणारा भाग ३० भागिले ११५, म्हणजे ०.२६ अँपिअर. उरलेला चुंबकन करणारा भाग ०.८ च्या वर्गातून ०.२६ चा वर्ग वजा करून त्याचं वर्गमूळ, म्हणजे ०.७६ अँपिअर.

R₀ = V² / W₀ = ११५² / ३० ≈ ४४१ ओहम
X₀ = V / Iₘ = ११५ / ०.७५६ ≈ १५२ ओहम

या ३० वॅटमध्ये थोडा कॉपर लॉस शिरला नसेल का, असं व्हायव्हात विचारतात. शिरलाय, पण किती ते बघा. लो व्होल्टेज वाइंडिंगचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास निघतो, आणि ०.८ चा वर्ग गुणिले ०.१२ म्हणजे ०.०८ वॅट. आपल्या काट्याला तो दिसतसुद्धा नाही.

दुसरी टेस्ट: शॉर्ट सर्किट

आता बाजू बदला. लो व्होल्टेज टर्मिनल जाड वायरने शॉर्ट करायचे आणि हाय व्होल्टेज बाजूने पुरवठा द्यायचा. या बाजूला करंट १७.४ ऐवजी ८.७ लागतो आणि व्होल्टेज दुप्पट लागतं, त्यामुळे मीटर नीट वाचता येतात. पॉवर फॅक्टर बरा असतो, म्हणून साधा वॉटमीटर चालतो, फक्त त्याचा व्होल्टेज रेंज लहान घ्या.

डिमरस्टॅट शून्यावर आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आधीच्या बॅचने तो २३० वर सोडला असेल आणि तुम्ही तसाच स्विच मारला, तर या ट्रान्सफॉर्मरमधून १७४ अँपिअर जायला बघतील, म्हणजे रेटेड करंटच्या वीसपट. फ्यूज उडाला तर नशीब समजा. नॉब अगदी हळू फिरवा आणि नजर अमीटरवर ठेवा. ओसीला आपण व्होल्टेजवर थांबलो होतो, इथे करंटवर थांबायचं. ८.७ अँपिअरला आमचं व्होल्टमीटर ११.५ दाखवत होतं आणि वॉटमीटर ७२ वॅट.

Z = ११.५ / ८.७ = १.३२ ओहम
R = ७२ / ८.७² = ०.९५ ओहम
X = √(Z² − R²) = ०.९२ ओहम

पूर्ण करंट आणायला २३० पैकी जेमतेम ५ टक्के व्होल्टेज पुरलं. म्हणजे फ्लक्सही फार तर तेवढाच. ५ टक्क्यांचा वर्ग करून ३० वॅटला गुणलं तर कोर लॉस ०.०८ वॅटच्या आत येतो. मघाशी कॉपर लॉस नगण्य होता, आता कोर लॉस नगण्य आहे. म्हणून ७२ वॅट हा पूर्ण लोडचा कॉपर लॉस म्हणून बिनधास्त लिहायचा.

बिनधास्त लिहायचा, पण वायर बघून. गेल्या पावसाळ्यात एका बॅचला याच ट्रान्सफॉर्मरवर ७२ ऐवजी ९० वॅट आले. गणित बरोबर, मीटरचे रेंज बरोबर, करंट ८.७. मुलांनी वॉटमीटर बदलून पाहिला, तरी ९०. शेवटी एक मुलगी म्हणाली, “सर, इथे करपल्याचा वास येतोय.” शॉर्ट करायच्या वायरचं टोक आणि पितळी टर्मिनल यांच्यामध्ये हिरवट थर बसला होता. आपल्या दमट, खाऱ्या हवेत मे महिन्यात चकचकीत ठेवलेला टर्मिनल जुलैपर्यंत असा होतो. त्या जोडातून १७.४ अँपिअर जात होते. जास्तीचे १८ वॅट भागिले १७.४ चा वर्ग, म्हणजे फक्त ०.०६ ओहम. एवढासा रोध साध्या मल्टिमीटरवर धड दिसतही नाही, पण आपल्या उत्तरात त्याने कॉपर लॉस पाव पटीने वाढवला. पुरवठा बंद करून टर्मिनल पॉलिश पेपरने घासला, नट आवळला, आणि काटा ७२ वर आला. तेव्हापासून शॉर्टची वायर आखूड आणि जाड घ्यायची, आणि टेस्ट संपल्यावर पुरवठा बंद करून लगेच जोडाला हात लावून बघायचा, हा आमचा नियम. जोड वायरपेक्षा गरम लागला तर रीडिंग फेकून द्या.

दोन्ही आकडे एका बाजूला आणणे

R₀ आणि X₀ आपण ११५ च्या बाजूने मोजले, R आणि X २३० च्या बाजूने. ते तसेच एका सर्किटमध्ये लिहिणं ही या प्रयोगातली सर्वात जुनी चूक, आणि दर वर्षी निम्म्या वह्यांत ती असतेच.

आपलं सर्किट २३० च्या बाजूने काढू. R आणि X आधीच तिथले आहेत. R₀ आणि X₀ ना फेऱ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे २ च्या वर्गाने, ४ ने गुणायचं. वर्ग का, ते वॅट धरून बघा. तीच ३० वॅट उष्णता आता दुप्पट व्होल्टेजवर व्हायची आहे. व्होल्टेज दुप्पट झालं की त्याचा वर्ग चौपट होतो, म्हणून वॅट तेवढेच राहायला रोध चौपट लागतो. R₀ झाला १७६३ ओहम, X₀ सुमारे ६०८.

विसरलात की नाही हे तपासायला एकच भागाकार पुरे. २३० च्या वर्गाला १७६३ ने भागा, ३० वॅट येतात, म्हणजे मोजले तेवढेच. ४४१ ने भागलं असतं तर १२० आले असते. जो कोर लॉस मीटरने ३० दाखवला तो कागदावर १२० झाला तर कुठेतरी बाजू बदलायची राहिलीय.

एफिशियन्सी

आता कुठल्याही लोडला एफिशियन्सी काढता येते. लोडचा अंश x धरा, पूर्ण लोडला १, अर्ध्याला ०.५. S म्हणजे नेमप्लेटवरचे २००० व्हीए, cosφ लोडचा पॉवर फॅक्टर, Wᵢ कोर लॉस आणि Wc पूर्ण लोडचा कॉपर लॉस.

η = x·S·cosφ / (x·S·cosφ + Wᵢ + x²·Wc)

Wᵢ समोर x नाही आणि Wc समोर x चा वर्ग आहे, एवढंच यात बघण्यासारखं. करंट अर्धा झाला की कॉपर लॉस पाव होतो, कोर लॉस जागचा हलत नाही.

०.८ पॉवर फॅक्टर धरून पूर्ण लोडला आउटपुट १६०० वॅट, लॉस ३० अधिक ७२ म्हणजे १०२. एफिशियन्सी ९४.० टक्के. अर्ध्या लोडला आउटपुट ८००, लॉस ३० अधिक १८, एफिशियन्सी ९४.३ टक्के. पूर्ण लोडपेक्षा थोडी जास्तच. पाव लोडला आउटपुट ४०० वर लॉस ३४.५, आणि एफिशियन्सी ९२.१ पर्यंत उतरते. सर्वात जास्त एफिशियन्सी तिथे, जिथे कॉपर लॉस वाढत वाढत कोर लॉसला गाठतो: x = √(३०/७२), म्हणजे साडेचौसष्ट टक्के लोडला. तिथे ९४.५ टक्के. मुलं कधीकधी इथे x चा वर्ग विसरून ३० भागिले ७२ एवढंच करतात आणि ४२ टक्के लोड लिहितात. त्या लोडला कॉपर लॉस काढून बघा, तो १२.५ वॅट येईल, ३० नाही.

मग सरळ लोड लावून इनपुट आणि आउटपुट का मोजत नाहीत? समजा दोन वॉटमीटर प्रत्येकी एका टक्क्याने चुकू शकतात. १६०० चे १५८४ किंवा १६१६ दिसतील, १७०२ चे १६८५ किंवा १७१९. दोन्ही चुका उलट्या दिशेला पडल्या तर उत्तर ९२ पासून ९६ पर्यंत कुठेही येऊ शकतं. ओसी-एससी मध्ये आपण लॉसच मोजतो. एकूण १०२ वॅटमध्ये ५ वॅटची चूक झाली तरी एफिशियन्सी फार तर ०.३ टक्क्याने हलते.

या पद्धतीत एक खोट मात्र आहे. एससी टेस्ट पाच मिनिटांत उरकते, तेव्हा वाइंडिंग खोलीइतकंच, म्हणजे तीसेक अंशांवर असतं. प्रत्यक्ष लोडवर ते तासन् तास चालून तापतं आणि तांब्याचा रोध वाढतो. म्हणून हिशोब बहुधा ७५ अंशांना करतात. गुणक आहे (२३५ + ७५) भागिले (२३५ + ३०), म्हणजे १.१७. आपले ७२ वॅट त्यामुळे ८४ होतात आणि पूर्ण लोडची एफिशियन्सी ९४.० वरून ९३.३ वर येते. जर्नलमध्ये टेस्टच्या वेळचं खोलीचं तापमान लिहायला सांगतात ते याचसाठी, आणि हमखास रिकामी राहणारी ओळही तीच.

वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर

लॅबमधल्या ट्रान्सफॉर्मरची कमाल एफिशियन्सी ६५ टक्के लोडला येते. खांबावरच्याची तशी ठेवून चालत नाही, कारण त्याला दिवसातले बरेच तास थोडाच लोड असतो. हिशोबासाठी १०० केव्हीए घ्या, कोर लॉस २६० वॅट आणि पूर्ण लोडचा कॉपर लॉस १७६० वॅट धरा. संध्याकाळचे ६ तास ६० टक्के लोड, उरलेले १८ तास २० टक्के, पॉवर फॅक्टर ०.९.

कोर लॉस चोवीस तास चालू: ०.२६ गुणिले २४, म्हणजे ६.२४ युनिट. संध्याकाळचा कॉपर लॉस ६३४ वॅट, ६ तासांचे ३.८ युनिट. बाकीच्या वेळी तो फक्त ७० वॅट, १८ तासांचे १.२७ युनिट. दोन्ही मिळून कॉपर लॉस ५.०७ युनिट. पूर्ण लोडला कॉपर लॉस कोर लॉसच्या जवळपास सातपट असूनही दिवसाच्या शेवटी जास्त वीज कोरने खाल्ली. दिवसभरात दिलेली वीज ६४८ युनिट, लॉस ११.३१, म्हणून ऑल-डे एफिशियन्सी ९८.३ टक्के. याची कमाल एफिशियन्सी कुठल्या लोडला येते ते वरच्याच सूत्राने काढा: √(२६०/१७६०), ३८ टक्के. बनवणाऱ्याने कोर मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

चवथीच्या दिवसांत घरोघरी माळा लागतात, पाहुणे येतात, मिक्सर आणि पंप चालतात, आणि ६० चे ९० टक्के होतात. तेव्हा कॉपर लॉस ६३४ वरून १४२६ वॅटवर जातो. लोड दीडपट, कॉपर लॉस सव्वादोनपट. गुणगुण मात्र जवळपास तीच.